नवऱ्याला कळत कसं नाही? जुळ्या बहिणींच्या ट्रॅकबद्दल

प्रश्न : आम्ही वीस भागांची एक छोटी मालिका करतोय. मीरा आणि रेवा या जुळ्या बहिणी एकच अभिनेत्री करते. मीरा गायब होते आणि रेवा तिच्या जागी तिच्या सासरी, साताऱ्याला राहायला जाते. स्क्रिप्ट वाचणारा प्रत्येक जण विचारतो, नवऱ्याला, सासूला कळत कसं नाही? डीएनए, आधार, काहीच कसं कोणी तपासत नाही? आणि दोघींना एका फ्रेममध्ये किती वेळा दाखवणं आम्हाला झेपेल?

उत्तर :

‘कळत कसं नाही’ असं प्रेक्षक विचारतो तेव्हा त्याची तक्रार चेहऱ्याबद्दल नसते. हुबेहूब सारख्या जुळ्या असतात हे त्याने पहिल्याच भागात मान्य केलेलं असतं, तेवढी सूट तो आनंदाने देतो. त्याला राग येतो तो घरातल्या माणसांचा. समोर इतकं विचित्र घडतंय आणि ही माणसं साधी शंकाही घेत नाहीत, म्हणजे लेखकाने त्यांना मुद्दाम आंधळं ठेवलंय, हे त्याला बरोबर दिसतं. त्यामुळे याचं उत्तर मेकअपमध्ये किंवा कॅमेऱ्यात सापडणार नाही. ते कथाविस्तार लिहितानाच द्यावं लागतं.

मी बरीच वर्षं रोजच्या मालिकांचा कथाविस्तार आणि पटकथा करतोय. डबल रोलचा ट्रॅक आला की मी आधी दोन गुपितं वेगळी करून घेतो. पहिलं गुपित म्हणजे ‘अशा दोघी आहेत’. दुसरं, ‘आत्ता समोर उभी आहे ती कोण’. फसलेल्या बहुतेक ट्रॅकमध्ये लेखकाने या दोन्हींना एकच धरलेलं असतं. प्रत्यक्षात त्यांचं आयुष्य अगदी वेगळं आहे. पहिलं गुपित शाबूत असेल तर दुसरं महिनोन् महिने टिकतं, कारण जुळी बहीण आहे हेच ज्याला माहीत नाही, तो ‘ही दुसरीच कोणी आहे’ असा विचार करणारच नाही. आपली बायको अचानक चहात साखर कमी घ्यायला लागली तर कुठला नवरा म्हणेल की ही तिची जुळी बहीण दिसते? तो म्हणेल, हिने वजन कमी करायचं मनावर घेतलंय. पण घरातल्या एकाला जरी कळलं की मीराला सारखी दिसणारी बहीण आहे, की त्या क्षणापासून दुसरं गुपित फार तर दोन-तीन भाग तग धरतं. त्यापुढे ओढलंत की प्रेक्षक हातातून गेला.

तुमच्या कथेत सासरच्यांना रेवाबद्दल माहिती आहे की नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे. लग्नात रेवा नटूनथटून करवली म्हणून मिरवली असेल तर तुमचा ट्रॅक उभाच राहत नाही. पहिल्याच रात्री कोणीतरी विचारेल. तेव्हा मी असं धरून चालतो की सासरी कोणालाच माहीत नाही. मग माहेरी कोणाला माहीत आहे, हे ठरवा. मुली आज सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या असतील तर त्यांच्या जन्माच्या वेळी शहरांत सोनोग्राफी रुळलेली होती, त्यामुळे ‘आईलाच ठाऊक नव्हतं की जुळ्या झाल्या’ हे पुण्या-मुंबईत पटवणं अवघड आहे. आडगावातलं घरचं बाळंतपण असेल तर गोष्ट वेगळी. त्याहून सोपा आणि जास्त माणसांतला मार्ग म्हणजे एक मुलगी मूलबाळ नसलेल्या मावशीला दिली आणि दोन्ही घरांनी तोंड बंद ठेवलं. यात गुपित सांभाळणारं माणूस जिवंत राहतं, त्याच्या गप्प बसण्याला कारण राहतं, आणि तुम्हाला हवं तेव्हा ते बोलू शकतं.

आता नवरा. त्याला आपण निखिल म्हणू. रेवाचं वागणं वेगळं आहे हे त्याला जाणवलंच पाहिजे. जाणवत नाही असं दाखवलंत तर तो मूर्ख ठरतो. त्याच्या हाती त्या वेगळेपणाचं एक दुसरं, पटणारं कारण द्या. गुलजारांच्या १९८२ च्या ‘अंगूर’मध्ये हे फार सुंदर साधलंय. अनोळखी शहरात सगळे अशोकला नावाने हाक मारतात, एक बाई त्याला नवरा समजून घरी नेते. त्याच्या डोक्यात जुळ्या भावाचा विचार येतच नाही, कारण तो गुप्तहेरकथा वाचून वाचून झपाटलेला आहे आणि आपल्या पैशांमागे टोळी लागलीय, असा त्याने केव्हाच निष्कर्ष काढलाय. म्हणजे त्याला संशय येतो, भरपूर येतो, फक्त चुकीच्या दिशेला. तुमच्या प्रत्येक पात्राला अशी चुकीची दिशा हवी.

निखिलसाठी मी भांडण वापरीन. मीरा गायब होण्याच्या आदल्या रात्री दोघांचं जोरदार वाजलेलं असावं आणि चूक त्याची असावी. नऊ-दहा दिवसांनी ‘मीरा’ परत येते. ती कमी बोलते, नजर टाळते, त्याच्या खोलीत झोपत नाही. निखिल हे सगळं राग म्हणून वाचतो आणि खोदून विचारण्याचं धाडस त्याला होत नाही, कारण विचारलं तर त्या रात्रीचा विषय निघेल. अपघात झाला आणि स्मृती गेली, हा सोपा मार्ग मात्र टाळा. स्मृती गेली की प्रत्येक चूक माफ होते, आणि चूक माफ होत असेल तर रेवा पकडली जाईल ही धाकधूकच उरत नाही.

झोपण्याच्या खोलीचा मुद्दाही इथेच मिटवा. रेवा निखिलला फसवून त्याच्याशी बायको म्हणून जवळीक करते, असं घडू देऊ नका आणि त्यावर विनोदही करू नका. प्रेक्षकांत हा प्रश्न सगळ्यात आधी निघतो, विशेषतः बायकांकडून, आणि तो पोरकट नाही. भांडणाने हे काम आपोआप होतं. नाहीतर निखिलची कामावर बाहेरगावी बदली वगैरे करत बसावं लागतं.

सासूचं गणित वेगळं असतं. तिला भांडणाची टोचणी नाही, आणि ती सुनेच्या चेहऱ्याकडे पाहतच नाही, हातांकडे पाहते. तिच्यासाठी मी एक प्रश्न विचारतो : हिला ही मीराच असायला हवी आहे का? पानिपतानंतरची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. १७६१ च्या लढाईत सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांच्या अंताबद्दल शंका राहिली. पार्वतीबाईंनी तर ते गेले हे मानलंच नाही. पुढे भाऊ म्हणवणारा एक तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसं गोळा झाली, आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड होईपर्यंत पेशवाईला ते प्रकरण पुरलं. चेहऱ्याचं साम्य त्यात किती होतं कोण जाणे, पण भाऊसाहेब परत यावेत असं वाटणारे लोक पुष्कळ होते. तोतया ज्याच्या गरजेला येतो, तिथेच त्याचं फावतं. म्हणून सासरच्या प्रत्येक माणसापुढे लिहून काढा : याला मीरा परत हवी आहे, की ती न आलेलीच बरी? ज्याला हवी आहे तो खुणा दिसूनही दुर्लक्ष करील. जिला नको आहे, समजा नणंद, ती खुणा शोधील. तपास करणारं माणूस तुम्हाला इथेच मिळतं, बाहेरून पोलीस आणायची गरज नाही.

आता तपासणीकडे. इथे लेखक सर्रास चुकतात. एकबीज जुळ्यांचा डीएनए नेहमीच्या चाचणीत सारखाच येतो. म्हणजे ‘डीएनए रिपोर्ट आला आणि ही मीरा नाही हे सिद्ध झालं’ हा सीन जुळ्यांच्या कथेत चालणारच नाही. बोटांचे ठसे मात्र वेगळे असतात, कारण ते गर्भात वाढ होताना घडतात आणि त्यावर त्या त्या बाळाच्या आजूबाजूच्या परिस्थितीचा परिणाम होतो. डोळ्यांच्या बुबुळांची नक्षीही वेगळी असते. आधारसाठी दहा बोटं आणि दोन्ही बुबुळं घेतात, त्यामुळे मीराच्या आधारवर रेवाचा अंगठा जुळणार नाही.

याचा आपल्या दोन गुपितांशी थेट संबंध आहे. मीराच्या आईचा आणि रेवाचा डीएनए तपासला तर ती त्याच आईची मुलगी आहे एवढंच कळेल. म्हणजे मीराला बहीण आहे हे माहीत नसलेल्या, पण ही कोणी तोतया आहे असा संशय आलेल्या नणंदेने चोरून चाचणी केलीच, तर रिपोर्ट रेवाच्या बाजूने येईल आणि नणंदच तोंडघशी पडेल. हा तुमचा मधल्या भागातला हुकमी वळणबिंदू होऊ शकतो, आणि तो शास्त्राला धरून आहे. अंगठा मात्र उलटं करतो : बहिणीबद्दल काहीही माहीत नसताना तो थेट सांगतो की ही मीरा नव्हे. म्हणून अंगठा शेवटासाठी राखा आणि तोवर रेवाला अंगठा लावायची वेळ येऊ देऊ नका. रेशन दुकान, बँकेची केवायसी, सिमकार्ड, ही सगळी ठिकाणं तिला टाळावी लागतील. ती कशी टाळते, यातच तुमचे तीन-चार भाग निघतात.

घरात सगळ्यात जवळचा अंगठा फोनवर असतो. असा एक सीन मी कसा मांडीन ते सांगतो. स्वयंपाकघर, सकाळ. रेवा कणीक मळतेय. नणंद मीराचा फोन घेऊन येते : “वहिनी, गॅसच्या बुकिंगचा ओटीपी आलाय तुमच्या फोनवर, उघडून द्या ना.” रेवा कणकेचे हात वर करते : “हात भरलेत गं, थांब जरा.” नणंद थांबते. ओल्या फडक्याने स्वतःच रेवाचा अंगठा पुसते आणि फोनवर टेकवते. उघडत नाही. “ओला आहे,” रेवा म्हणते. नणंद कोरडा करून पुन्हा टेकवते. उघडत नाही. “मग पिन सांगा.” इथे कट. सीनमध्ये कोणीही संशयाचा शब्द उच्चारलेला नाही, पण नणंदेला दोन गोष्टी मिळाल्या आणि प्रेक्षकाला त्या मिळताना दिसल्या. एक खबरदारी घ्या. फोन चेहऱ्याने उघडणारा असेल तर तो जुळ्या बहिणीला फसून उघडू शकतो, आणि मग सीन उलटा होतो. कुठला फोन आहे हे कथेच्या सोयीने ठरवा आणि पहिल्या भागात मीराला तो अंगठ्याने उघडताना एकदा दाखवून ठेवा.

अशीच दुसरी वस्तू म्हणजे मंगळसूत्र. मीरा जाताना ते गळ्यात घालून गेली की काढून ठेवून? घालून गेली असेल तर रेवाच्या गळ्यातलं आलं कुठून? ज्या सासूने सोनाराकडे बसून वाट्या पसंत केल्या, तिला दुसरं मंगळसूत्र चार हातांवरून ओळखू येईल. काढून ठेवून गेली असेल, तर मीरा स्वतःहून घर सोडून गेली असा त्याचा अर्थ होतो, आणि तो मोठा अर्थ आहे. हे ठरवल्याशिवाय पहिला भाग शूट करू नका. दहाव्या भागात लक्षात आलं तर मागचं काहीच बदलता येत नाही.

प्रेक्षकाला मात्र प्रत्येक फ्रेममध्ये कळलं पाहिजे की समोर कोण आहे. गोंधळ घरच्यांचा हवा, प्रेक्षकाचा नको. (शेवटी धक्काच द्यायचा असेल तर गोष्ट वेगळी, पण मग वीसच्या वीस भाग त्या एका धक्क्यासाठी लिहावे लागतात आणि तो फुटला की सगळं गेलं. मी तुम्हाला ते सुचवणार नाही.) त्यासाठी चष्मा आणि दोन वेण्या पुरत नाहीत, कारण सासरी गेल्यावर रेवाला चष्मा काढावाच लागणार. तुमची अभिनेत्री दोन भूमिका करत नाहीये, तीन करतेय : मीरा, रेवा, आणि मीरा म्हणून वावरणारी रेवा. तिसरी सगळ्यात अवघड. तिला मीराची नक्कल करायची आहे, पण रेवाला जितकी जमेल तितकीच. अभिनेत्री मीरा अगदी बिनचूक वठवू शकते, कारण मीरा तीच करते. रेवाला तेवढं जमलं तर प्रेक्षकाला फरक दिसणार कुठून? म्हणून रेवाच्या शरीराला एकच छोटी सवय द्या, जी ती विसरली की बाहेर येते. दार लोटताना ती पावलाने लोटते, असं काहीही. अदलाबदलीच्या आधी ती सवय दोनदा दाखवा, नंतर तिचं नावही घेऊ नका.

याच कारणाने कागदावरही तीन नावं ठेवा. सीनच्या मथळ्यात आणि संवादाआधी ‘मीरा’ असं फक्त खऱ्या मीरासाठी लिहा. सासरी असते ती ‘रेवा (मीरा म्हणून)’. हे किरकोळ वाटतं, पण कपडेपट, मेकअप आणि कंटिन्युटी पाहणारी मुलगी तुमची कथा वाचत नाहीत, सीनवरचं नाव वाचतात. नुसतं ‘मीरा’ लिहिलंत की रेवाच्या गळ्यात मीराचं मंगळसूत्र येतं आणि ते एडिटच्या टेबलावर कळतं.

राहिला एका फ्रेमचा प्रश्न. तुमच्या वीस भागांत दोघी समोरासमोर येण्याचे सीन तीन-चारच ठेवा, आणि त्यातही दोघींचे चेहरे एकत्र दिसणारे शॉट प्रत्येक सीनमध्ये एक किंवा दोन. प्रेक्षकाची डोळ्यांनी खात्री पटायला एवढं पुरतं. बाकी सगळं सजेशनमध्ये घ्या : एकीचा चेहरा, पुढे दुसरीचा खांदा आणि केस. तो खांदा बॉडी डबलचा. डबल निवडताना चेहरा बघू नका, उंची, खांद्याची ठेवण आणि मान बघा. आणि शक्यतो अभिनय येणारी मुलगी घ्या. ‘ऑर्फन ब्लॅक’ या कॅनडातल्या मालिकेत तातियाना मास्लानी एकाच मालिकेत अनेक क्लोन करायची, तेव्हा समोर कॅथरिन अलेक्झांड्र ही अभिनेत्री सगळे संवाद आणि हालचाली पाठ करून उभी राहायची. डबल नुसती भिंतीसारखी उभी राहिली तर तुमच्या अभिनेत्रीचा लुक भरकटतो, आणि दोघी एकमेकींच्या कानाकडे बघून बोलतायत असं दिसतं.

एकत्र दिसणारा शॉट साध्या स्प्लिटने होतो, म्हणजे फ्रेमच्या दोन बाजू वेगवेगळ्या घेऊन नंतर जोडायच्या. कॅमेरा स्टँडवर घट्ट लॉक करायचा, फोकस आणि एक्स्पोजर हाताने बसवायचं, आणि दोघींच्या मध्ये एखादी उभी रेघ शोधायची, म्हणजे दाराची चौकट, खांब किंवा पडद्याची कड. आधी सीन ओढणाऱ्या बहिणीची बाजू घ्या, जी जास्त बोलते आणि हलते. डबल दुसरीकडून क्यू देते. ठीक झालेला टेक निवडून मगच साडी, केस, मेकअप बदला. या बदलाला तास सहज जातो आणि तेवढ्यात कोणी कॅमेऱ्याला धक्का लावला की आधीचं सगळं वाया. दुसरी बाजू घेताना पहिल्या टेकचा आवाज तिला ऐकवा, म्हणजे थांबे जुळतील. संवाद एकमेकींवर चढू देऊ नका. आणि हात, पदर, सावली, काहीही त्या रेघेपलीकडे गेलं तर ते तिथेच कापलं जाईल. म्हणून मिठी किंवा थप्पड लिहायची असेल तर ती सजेशनमध्ये लिहा, एकत्र फ्रेममध्ये लिहू नका.

यावरून एक गोष्ट पटकथेतच करून टाका : दोघींच्या भेटीचे सीन रात्रीचे आणि घरातले लिहा. दिवसाच्या सीनमध्ये मेकअप बदलेपर्यंत खिडकीतलं ऊन सरकतं आणि दोन्ही अर्ध्यांचा उजेड जुळत नाही. आणि हे सीन शेड्यूलच्या पहिल्या दिवशी लावू नका. अभिनेत्रीला आधी दोन-तीन दिवस नुसती मीरा करू द्या, मग तेवढेच दिवस नुसती रेवा, आणि मगच दोघींना समोरासमोर आणा.